फॉर्म 16 हातात आल्यावर येणारं आमंत्रण

नोकरदारांना कंपनीकडून फॉर्म 16 मिळण्याची मुदत 15 जून असते आणि रिटर्न भरण्याची नेहमीची मुदत 31 जुलै. या सहा आठवड्यांत सोसायटीच्या, शाळेच्या, ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर करसल्लागारांच्या मोफत वेबिनारची आमंत्रणं फिरू लागतात. त्यातली बरीचशी एकाच साच्यातली असतात. वर भडक रंगात ‘कर वाचवा’, मध्ये सल्लागाराचा हात बांधलेला फोटो, खाली ‘मर्यादित जागा, त्वरा करा’. वाचणाऱ्याला तारीख कळते, वक्त्याचं नाव कळतं. पण त्या तासाभरात आपल्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर मिळणार, हे मात्र कळत नाही.

गेल्या वर्षीपासून अशा आमंत्रणांकडे संशयाने पाहण्याचं आणखी एक कारण झालं आहे. 14 जुलै 2025 रोजी आयकर विभागाने देशभर सुमारे दीडशे ठिकाणी तपासणी केली. खोट्या वजावटी दाखवून रिफंड काढून देणारे दलाल आणि सल्लागार हे तिचं लक्ष्य होतं, आणि ज्या राज्यांत असे दावे आढळले त्यांत महाराष्ट्राचंही नाव होतं. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे चाळीस हजार करदात्यांनी आपली रिटर्न सुधारून 1,045 कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतल्याचंही विभागाने तेव्हा सांगितलं. त्यामुळे ‘हमखास रिफंड’ किंवा ‘शून्य कर’ असं लिहिलेलं आमंत्रण आता सजग नोकरदार आधी बाजूला ठेवतो. प्रामाणिक सल्लागारानेही घाईत तेच शब्द वापरले, तर तोही त्याच रांगेत जाऊन बसतो.

चांगलं आमंत्रण लिहिण्याचं काम शब्दांच्या बरंच आधी, आकडेमोडीपासून सुरू होतं. समजा, सांगलीतल्या एका करसल्लागाराला जूनच्या शेवटी नोकरदारांसाठी वेबिनार घ्यायचा आहे. त्याच्या डोक्यातला पहिला विषय असतो ‘पगारदारांसाठी करनियोजन’. हा विषय तासाभरात संपणारा नाही. शिवाय जूनमध्ये त्याचा फारसा उपयोगही नाही, कारण ज्या वर्षाचं रिटर्न भरायचं ते 31 मार्चलाच संपलेलं आहे. आता नवी पॉलिसी घेऊन किंवा पीपीएफमध्ये पैसे भरून त्या वर्षाचा कर कमी होत नाही. मग जूनमध्ये नोकरदाराच्या हातात नेमका कोणता निर्णय शिल्लक आहे? सल्लागाराने स्वतःला विचारायचा पहिला प्रश्न हा.

एक निर्णय नक्की शिल्लक आहे. 2023-24 या आर्थिक वर्षापासून नवी करपद्धत ही आपोआप लागू होणारी पद्धत झाली. कर्मचाऱ्याने काहीच कळवलं नाही, तर कंपनी नव्या पद्धतीनेच टीडीएस कापते आणि फॉर्म 16 ही तसाच येतो. मात्र ज्याला धंदा-व्यवसायाचं उत्पन्न नाही, तो नोकरदार रिटर्न भरताना जुनी पद्धत निवडू शकतो. कंपनीला काय कळवलं होतं याचं बंधन त्याच्यावर नसतं. अट एकच, रिटर्न मुदतीत भरलं पाहिजे. मुदत उलटल्यावर भरलेल्या रिटर्नमध्ये जुनी पद्धत निवडता येत नाही. ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. तासाभरात ती पूर्ण समजावता येते आणि त्याच रात्री वापरताही येते. वेबिनारचा विषय इथे ठरला.

आता सल्लागाराने एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहावं, कारण आमंत्रणातली पहिली ओळ त्यातूनच निघणार आहे. एका नोकरदाराचा 2025-26 मधला वार्षिक पगार 15 लाख धरू. नव्या पद्धतीत 75,000 रुपयांची प्रमाणित वजावट गेली की 14,25,000 उरतात. त्यावर कर 93,750 आणि 4 टक्के उपकर धरून एकूण 97,500 रुपये.

हाच माणूस जुन्या पद्धतीत काय भरेल? त्याने वजावटींत काही कमी ठेवलेलं नाही. पीपीएफ, विमा आणि गृहकर्जाचं मुद्दल मिळून 80सीची दीड लाखाची मर्यादा भरली आहे. आरोग्य विम्याचे 25,000 आहेत, गृहकर्जाच्या व्याजाचे 2 लाख आहेत, प्रमाणित वजावट 50,000 आणि महाराष्ट्रातला व्यवसाय कर 2,500. एकूण 4,27,500. करपात्र उत्पन्न 10,72,500 होतं आणि उपकरासह कर 1,39,620. म्हणजे सगळी परिचित साधनं पूर्ण वापरूनही जुनी पद्धत त्याला 42,120 रुपयांनी महाग पडते.

पण हाच नोकरदार पुण्यात महिना 25,000 रुपये भाड्याने राहत असेल आणि गृहकर्जाच्या सांगलीतल्या घरात त्याचे आई-वडील राहत असतील, तर? त्याचा मूळ पगार वर्षाला 6 लाख आणि घरभाडे भत्ता 2,40,000 धरू. वर्षाचं भाडं 3 लाख. त्यातून मूळ पगाराचा दहावा हिस्सा, म्हणजे 60,000 वजा केले की 2,40,000 उरतात. या वर्षाच्या हिशेबात पुण्याला महानगराची 50 टक्क्यांची मर्यादा लागत नाही, 40 टक्के लागतात. तेही 2,40,000 च होतात. म्हणजे सगळा भत्ता करमुक्त ठरतो. जुन्या पद्धतीतलं करपात्र उत्पन्न 8,32,500 वर येतं आणि कर 82,160. आता जुनी पद्धत 15,340 रुपयांनी स्वस्त झाली. कंपनीने नव्या पद्धतीने 97,500 कापलेले असतील, तर हा फरक रिफंड म्हणून परत मिळेल. तो कायदेशीर आणि कागदपत्रांनी सिद्ध होणारा रिफंड असेल.

पंधरा लाखांच्या पगारावर जुनी पद्धत परवडायला प्रमाणित वजावटीसह एकूण 5,93,750 रुपयांहून जास्त वजावटी लागतात. फक्त गृहकर्ज आणि विम्याच्या जोरावर तो आकडा गाठणं अवघड आहे. निकाल बहुधा घरभाडं ठरवतं. हे कळलेला सल्लागार ‘कर वाचवा’ असं लिहूच शकत नाही, कारण काहींसाठी खरं उत्तर ‘आहे तेच ठेवा, बदलू नका’ हे असणार आहे. मग आमंत्रणाने वचन कशाचं द्यायचं? प्रत्येकाला स्वतःच्या आकड्यांवर उत्तर काढता येईल, याचं. हे वचन पाळता येतं. कर कमी होईल याचं वचन देता येत नाही.

वर्षाबाबत यंदा विशेष काळजी हवी. 1 एप्रिल 2026 पासून आयकर कायदा 2025 लागू झाला आहे आणि त्यात ‘कर वर्ष’ ही नवी संज्ञा आली आहे. एप्रिल 2026 ते मार्च 2027 हे कर वर्ष 2026-27. पण जुन्या कायद्यानुसार या जूनमध्ये जे रिटर्न भरायचं, ते आकारणी वर्ष 2026-27 चं, म्हणजे एप्रिल 2025 ते मार्च 2026 मधल्या उत्पन्नाचं. आकडे अगदी सारखे, वर्षं मात्र वेगळी. आमंत्रणात नुसतं ‘2026-27 साठी’ असं लिहिलं, तर निम्मे लोक पुढच्या वर्षीच्या गुंतवणुकीचे प्रश्न घेऊन येतील. कलमांचे क्रमांकही बदलले आहेत. जुनं 80सी नव्या कायद्यात 123 झालं. या वेबिनारपुरता जुनाच कायदा लागू असल्याने आमंत्रणात जुने क्रमांकच योग्य, आणि वर्ष सांगताना ‘एप्रिल 2025 ते मार्च 2026 मध्ये मिळालेला पगार’ असं महिन्यांसकट लिहिणं सगळ्यात सुरक्षित.

आता मजकूर. व्हॉट्सअ‍ॅपवर लांब संदेशाचा सुरुवातीचा भागच उघडा दिसतो आणि बाकीचा ‘Read more’ खाली दडतो. म्हणून प्रश्न, दिवस आणि वेळ वरच हवेत. सल्लागाराची ओळख खाली चालते. ‘नमस्कार, आपणांस कळविण्यास अत्यंत आनंद होत आहे की’ या एका वाक्यात ती मोलाची जागा संपून जाते. सांगलीच्या या सल्लागाराचं आमंत्रण असं लिहिता येईल:

फॉर्म 16 नव्या करपद्धतीतला आलाय? रिटर्न भरताना जुनी पद्धत निवडणं तुमच्या फायद्याचं आहे की तोट्याचं, हे स्वतःच्या आकड्यांवर तपासून पाहा.

शनिवार, 27 जून 2026, संध्याकाळी 7 ते 8.15. झूमवर, मराठीतून, मोफत.

एप्रिल 2025 ते मार्च 2026 मध्ये ज्यांचं मुख्य उत्पन्न पगाराचं होतं, त्यांच्यासाठी. धंदा-व्यवसाय, एफ अँड ओ किंवा परदेशातलं उत्पन्न असलेल्यांचे नियम वेगळे आहेत. ते या वेळी घेणार नाही.

15 लाख पगाराची दोन उदाहरणं आधी पूर्ण सोडवू. एकात नवी पद्धत स्वस्त पडते, दुसऱ्यात जुनी. मग तुम्ही तुमचा हिशेब मांडाल. शेवटची 25 मिनिटं प्रश्नांना.

जवळ ठेवा: फॉर्म 16, वर्षभराच्या भाड्याचा आकडा, गृहकर्जाचं व्याज प्रमाणपत्र, विम्याच्या पावत्या.

पॅन, आधार, पासवर्ड किंवा फॉर्म 16 ची प्रत आम्ही मागणार नाही. आमच्या नावाने कोणी मागितली तर देऊ नका.

याखाली सल्लागाराचं पूर्ण नाव, पात्रता, गाव आणि नोंदणीची लिंक. एवढं पुरेसं आहे. वाचायला एक मिनिटही लागत नाही.

यातली ‘कोणासाठी नाही’ ही ओळ अनेक आयोजक गाळतात. गर्दी कमी होईल अशी भीती त्यामागे असते. ओळ गाळली की काय होतं, ते प्रश्नोत्तरांच्या वेळी दिसतं. एफ अँड ओ करणारा एक माणूस आपला तोटा पुढे कसा न्यायचा ते विचारतो, दहा मिनिटं त्यात जातात आणि उरलेल्या सत्तर जणांना त्या उत्तराचा काही उपयोग नसतो. त्यातले बरेच तेव्हाच बाहेर पडतात. व्यवसायाचं उत्पन्न असलेल्याला पद्धत बदलण्याचे नियमही वेगळे लागतात. पगारदारासाठी दिलेलं उत्तर त्याने स्वतःला लावलं, तर त्याचं नुकसान होऊ शकतं.

दिवस आणि वेळ यांच्याकडेही बारकाईने पाहायला हवं. 27 जून हा महिन्यातला चौथा शनिवार आहे, त्यामुळे बँकेतल्या लोकांना सुट्टी असते. तोवर फॉर्म 16 हातात आलेला असतो आणि मुदतीला महिनाभर बाकी असतो. हाच वेबिनार 25 जुलैला ठेवला, तर भाड्याच्या पावत्या गोळा करायला वेळ उरत नाही. आता रिटर्नमध्ये घरभाड्याची आणि वजावटींची तपशीलवार माहिती भरावी लागते, आणि वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल तर घरमालकाचा पॅनही लागतो. तो मिळवायला कधी कधी दोन-तीन फोन करावे लागतात.

वेळ लिहिण्याआधी आपलं झूम खातं कोणतं आहे, तेही पाहून ठेवावं. मोफत खात्यावरची मीटिंग 40 मिनिटांनी बंद होते आणि 100 जणांपलीकडे कोणी आत येऊ शकत नाही. गूगल मीटच्या मोफत खात्यावर तीन किंवा त्याहून जास्त जणांची भेट तासाभरात संपते. आमंत्रणात सव्वा तास लिहायचा आणि मधेच सगळे बाहेर फेकले जायचे, हा प्रसंग टाळायचा तर एका महिन्याचं सशुल्क खातं घ्यावं किंवा वेळच कमी लिहावी. आणखी एक फरक आहे. झूमच्या साध्या मीटिंगमध्ये सगळ्यांना सगळ्यांची नावं दिसतात, वेबिनार प्रकारात श्रोत्यांना एकमेकांची नावं दिसत नाहीत. एकाच बँकेतले चौघे आले असतील, तर पगाराबद्दल विचारताना त्यांना हा फरक जाणवतो. जे असेल ते आमंत्रणात किंवा नोंदणीत सांगून टाकावं: नाव दिसेल की नाही, रेकॉर्डिंग होणार की नाही, झालं तर कोणाला मिळणार.

मोफत या शब्दाबद्दल नोकरदाराच्या मनात एक साधा प्रश्न असतो: यात यांचा फायदा काय? त्याचं उत्तर दिलं नाही, तर वाचणारा स्वतःच काहीतरी धरून चालतो. सल्लागार फी घेऊन रिटर्न भरून देत असेल, तर हे लपवण्यासारखं काहीच नाही. नियम मात्र पाहावे लागतात. सल्लागार चार्टर्ड अकाउंटंट असेल, तर 1949 च्या चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्याच्या पहिल्या परिशिष्टानुसार जाहिरात, पत्रक किंवा वैयक्तिक संदेशातून अशील मिळवण्याचा प्रयत्न हा व्यावसायिक गैरवर्तन ठरू शकतो. त्यांच्या संस्थेच्या जाहिरातीविषयीच्या मार्गदर्शक सूचना बदलत राहतात. आमंत्रण पाठवण्याआधी ताज्या सूचना वाचणं भाग आहे. वकिलांवर बार कौन्सिलच्या नियमांचं असंच बंधन आहे. अशा सल्लागाराने आमंत्रणात सेवांची यादी, सवलत किंवा ‘पहिल्या 20 जणांचं रिटर्न मोफत’ असं काही घालू नये. विषय, वेळ, नाव आणि पात्रता एवढ्यावर थांबावं.

‘फक्त 50 जागा शिल्लक’ हे वाक्य तर खरं असेल तेव्हाच लिहावं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2023 मध्ये ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या तेरा क्लृप्त्यांची यादी जाहीर केली. नसलेली घाई दाखवणं ही त्यातली एक. झूमच्या खात्याची मर्यादा खरोखर 100 असेल, तर ‘खात्याची मर्यादा 100 जणांची आहे’ असं सरळ लिहिता येतं. ते खरं आहे आणि वाचणाऱ्यालाही पटतं. आयकर विभागाचं चिन्ह किंवा सिंहमुद्रा तर पोस्टरवर मुळीच नको. राजमुद्रेच्या गैरवापराविरुद्ध 2005 चा स्वतंत्र कायदा आहे, आणि फसवणूक करणारे लोकही हीच चिन्हं वापरतात.

आमंत्रण वाचून माणूस लिंकवर बोट ठेवतो आणि नोंदणीचा फॉर्म उघडतो. बरेचसे लोक इथेच गळतात. बहुतेक फॉर्ममध्ये नाव, ईमेल, मोबाइल, वय, गाव, कंपनी, पद, वार्षिक पगार, पॅन आणि ‘आमच्याबद्दल कुठून कळलं’ असे दहा-बारा रकाने असतात. प्रत्येक रकान्याला एकच कसोटी लावावी: या उत्तराचं 27 जूनच्या आधी किंवा त्या दिवशी काय करणार? ईमेलवर लिंक जाणार आहे, म्हणून ईमेल हवा. नाव हवं. व्हॉट्सअ‍ॅप क्रमांक फक्त आठवण पाठवण्यासाठी असेल, तर तो ऐच्छिक ठेवावा. कंपनी, पद आणि वय यांचा काहीच उपयोग नाही, ते काढून टाकावेत. पॅनचा तर प्रश्नच येत नाही. पॅन आणि मोबाइल क्रमांक एकत्र हाती लागले की फसवणूक करणाऱ्याला ‘तुमचा रिफंड अडकला आहे’ असा खरा वाटणारा संदेश पाठवता येतो.

पगाराचा आकडा विचारायचा मोह मोठा असतो, कारण त्यावरून उदाहरणं ठरवता येतात. पण वरचा हिशेब सांगतो की निकाल पगारापेक्षा घरभाडं आणि गृहकर्ज यांवर जास्त फिरतो. म्हणून पगाराऐवजी एकच प्रश्न पुरतो: ‘2025-26 मध्ये तुम्ही भाड्याने राहत होता, गृहकर्ज भरत होता, दोन्ही, की यातलं काहीच नाही?’ चार पर्याय, एक टिचकी. उत्तरं आली की सल्लागाराला श्रोते कसे आहेत ते दिसतं. साठ टक्के लोक ‘दोन्ही’ म्हणत असतील, तर पुणे-सांगलीचं उदाहरण आधी घ्यावं. बहुतेकांनी ‘काहीच नाही’ म्हटलं असेल, तर पहिल्या दहा मिनिटांतच सांगावं की त्यांच्यासाठी नवी पद्धतच बहुधा बरी, आणि बाकीचा वेळ आकडे पडताळण्यात घालवावा. शेवटी एक मोकळा रकाना ठेवावा: ‘तुमचा एक प्रश्न, रक्कम न लिहिता’.

या माहितीची जबाबदारी आता कायद्यानेही येते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023 चा, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर झाले आणि त्यातल्या जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्याचं मूळ सूत्र सोपं आहे: माहिती कशासाठी घेतो ते समजेल अशा भाषेत सांगा, त्या कामाला लागेल तेवढीच घ्या, आणि संमती जबरदस्तीची नको. आठव्या अनुसूचीतल्या भाषांत, म्हणजे मराठीतही, ही सूचना वाचता आली पाहिजे. सांगलीच्या सल्लागाराने फॉर्मच्या शेवटी दोन वाक्यं लिहावीत: ‘तुमचं नाव आणि ईमेल फक्त या वेबिनारची लिंक, आठवण आणि हिशेबाची शीट पाठवण्यासाठी वापरू. 31 ऑगस्ट 2026 नंतर ही यादी पुसून टाकू.’ आणि त्याखाली एक वेगळी, आधीपासून टिक न केलेली चौकट: ‘पुढच्या कार्यक्रमांची माहितीही मला पाठवा.’ ही चौकट टिक केल्याशिवाय नोंदणी होत नसेल, तर ती संमती राहत नाही. ज्यांनी ती टिक केली, त्यांचे ईमेल वेगळ्या यादीत ठेवावेत, म्हणजे ऑगस्टअखेर काय पुसायचं ते स्पष्ट राहतं.

गूगल फॉर्म वापरणाऱ्यांच्या तीन चुका नेहमी दिसतात आणि तिन्ही पाच मिनिटांत पकडता येतात. पहिली, चुकीची लिंक पाठवणं. फॉर्म बनवणाऱ्याच्या पत्त्याच्या शेवटी `/edit` असतं, लोकांना द्यायच्या पत्त्यात `/viewform`. पहिली लिंक ग्रुपवर गेली तर लोकांना परवानगी मागणारा पडदा दिसतो. आणि फॉर्म ‘लिंक असलेल्या कोणालाही बदलता येईल’ असा ठेवलेला असेल, तर कोणीही त्यात फेरफार करू शकतं, आलेली उत्तरंही वाचू शकतं. दुसरी, सेटिंगमधला `View results summary` हा पर्याय चालू राहणं. तो चालू असेल तर नोंदणी केलेल्याला इतरांची उत्तरं दिसू शकतात. तिसरी चूक सगळ्यात साधी आणि सगळ्यात महाग. फॉर्म भरल्यावर `Your response has been recorded` एवढंच इंग्रजी वाक्य दिसतं आणि गूगल फॉर्म आपणहून झूमची लिंक पाठवत नाही. नोंदणी केलेला माणूस वाट पाहत राहतो आणि शनिवारी संध्याकाळी त्याच्याकडे लिंकच नसते. हे वाक्य बदलून तिथे ‘नोंदणी झाली. शनिवार 27 जून, संध्याकाळी 7. झूमची लिंक ही, ती जपून ठेवा’ असं लिहावं. झूमची स्वतःची नोंदणी वापरली तर ईमेल आपोआप जातो, पण तोही मुळात इंग्रजीत असतो आणि पुष्कळदा स्पॅममध्ये सापडतो.

तपासण्याचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे घरातल्या एखाद्याच्या फोनवरून, त्याच्या ईमेलने, एकदा पूर्ण नोंदणी करून पाहणं. संगणकावर नीट दिसणारा फॉर्म फोनवर चार पडद्यांचा होतो. पोस्टरच्या चित्रात लिहिलेल्या लिंकवर बोट ठेवून काहीच उघडत नाही. लिंक संदेशाच्या मजकुरातच हवी. आमंत्रण पुढे पाठवताना अनेक जण फक्त चित्र पाठवतात, म्हणून चित्रातही दिवस, तारीख आणि वर्ष तिन्ही असावेत. नाहीतर हेच चित्र पुढच्या जूनमध्ये पुन्हा फिरतं.

आठवण दोनदा पुरते: आदल्या संध्याकाळी आणि त्या दिवशी तासभर आधी. नोंदणी केलेले सगळे येत नाहीत, मोफत कार्यक्रमात तर हमखास नाहीत. त्यामुळे पहिल्या आठवणीत नुसतं ‘विसरू नका’ म्हणण्यापेक्षा काम सांगावं: ‘फॉर्म 16 चा भाग ब काढून ठेवा, त्यातला एकूण पगाराचा आकडा लागेल.’ ज्याने तो कागद शोधून टेबलावर ठेवला, तो सात वाजता येण्याची शक्यता वाढते. दुसऱ्या आठवणीत फक्त लिंक पाठवावी.

वेबिनार झाल्यावर हिशेबाची शीट वचन दिल्याप्रमाणे सगळ्यांना जावी, आले त्यांना आणि न आलेल्यांनाही. आणि 31 ऑगस्टला यादी पुसताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी: गूगल फॉर्ममधली उत्तरं काढून टाकली तरी त्याला जोडलेल्या शीटमधल्या ओळी तशाच राहतात. शीट वेगळी पुसावी लागते, आणि तिची प्रत कोणा सहकाऱ्याला पाठवली असेल तर तीही.